आघात, लघु-गुरू आणि गण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला रविवारी सकाळी आमचा भाषाविज्ञानाचा छोटा वर्ग भरतो. येणाऱ्यांत एम.ए.ची मुलं असतात, नेटची तयारी करणारे असतात, आणि ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये कामाला असलेले दोघे-तिघेही असतात. आघाताचा पाठ झाला की पुढचे पंधरा दिवस व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून ते इथे एकत्र केले. खूण एकच लक्षात ठेवा: ˈ ही उभी रेघ ज्या अक्षराच्या आधी दिसेल, आघात त्या अक्षरावर.

१. ताई, आघात म्हणजे जोरात म्हणणं ना?

जोर हा त्यातला एक भाग. आघात म्हणजे शब्दातलं एक अक्षर शेजारच्यांपेक्षा उठून दिसणं. त्यासाठी काही भाषा आवाज वाढवतात, काही अक्षर लांबवतात, काही सूर वर-खाली करतात. बहुतेक भाषा हे सगळं थोडं थोडं करतात. इंग्रजी शिवाय आघात नसलेल्या अक्षरांचे स्वर चिरडून टाकते, त्यामुळे तिथे आघात चुकला की स्वरही चुकतात आणि ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. आघात तुलनेने कळतो, हे मात्र विसरू नका. नुसतं एक अक्षर म्हणून दाखवून 'यावर आघात आहे का' असं विचारलंत, तर उत्तर देता येणार नाही.

२. तुम्ही 'अक्षर' म्हणता ते लिहिण्यातलं की बोलण्यातलं?

बोलण्यातलं. 'पनवेल' लिहिताना चार अक्षरं होतात, म्हणताना दोनच: पन-वेल. अक्षराच्या पोटात एक स्वर असतो. त्याच्या आधीची व्यंजनं आणि त्याला मागून बंद करणारं व्यंजन त्याच्याच खात्यात जमा होतं. या पानावरची निम्मी चुकलेली उत्तरं इथेच चुकतात. लोक नियम बरोबर लावतात, पण शब्द चुकीचा तोडतात. प्रश्न ९ मध्ये एकाच गावाचं नाव दोन तऱ्हांनी तोडून दाखवलं आहे.

३. मराठीत आघात आहे का? नसेल तर हे शिकायचं कशाला?

आहे, पण दुबळा आहे. मराठीत आघात इकडचा तिकडे केला म्हणून अर्थ बदलत नाही, ऐकायला फक्त थोडं परकं वाटतं. इंग्रजीत ˈरेकॉर्ड म्हणजे नोंद आणि रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंदवणं. असा भेद आपल्याकडे नाही, म्हणून आपला कान या बाबतीत तयार झालेला नसतो. लघु-गुरूचा कान मात्र आपल्याकडे शाळेपासून तयार असतो, आणि या विषयात इतरांना खरी अडचण येते ती तिथेच. ज्यांना वजन, म्हणजे अक्षर लघु की गुरू, हे कळतं त्यांना बाकीचं गणित आठवडाभरात जमतं, असा माझा अनुभव आहे.

४. लघु-गुरू म्हणजे शाळेतल्या वृत्तांतलेच का?

जवळजवळ तेच. अक्षरात ऱ्हस्व स्वर असेल आणि ते उघडं संपत असेल, तर ते लघु, एक मात्रा. स्वर दीर्घ असेल किंवा मागे व्यंजन येऊन अक्षर बंद होत असेल, तर ते गुरू, दोन मात्रा. स्वराच्या आधी किती व्यंजनं आहेत याला वजनात किंमत नाही. 'स्त्री'मधला स्त्र कितीही जड दिसला, तरी ते अक्षर गुरू ठरतं ते दीर्घ ईमुळे.

शाळेतल्या व्याकरणात एक वाक्य असतं: जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर येत असेल तर ते गुरू मानावं. तिथल्या 'आघात' या शब्दाने सगळे गोंधळतात. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागे सरकून आधीचं अक्षर बंद करतं. 'पुस्तक'मध्ये स् मागे जातो, पुस्-तक, म्हणून पु गुरू. 'तुझ्या'मध्ये झ्या अखंड पुढेच राहतो, तु-झ्या, म्हणून तु लघुच. हीच गोष्ट लॅटिनमध्ये आणि इंग्रजीतही घडते. 'अल्जिब्रा'मधला ब्र फुटत नाही, पुढच्या अक्षरात एकत्रच जातो. त्यामुळे मधलं जि लघु राहतं आणि आघात मागे पहिल्या अक्षरावर जातो: ˈॲल-जि-ब्रा.

एक फरक ध्यानात ठेवा. बंद अक्षर सगळ्याच भाषांत गुरू नसतं. खाल्खा मंगोल भाषेत दीर्घ स्वर किंवा संयुक्त स्वर असेल तरच अक्षर जड मानतात, ऱ्हस्व स्वराचं बंद अक्षर हलकंच. तेव्हा कुठलीही नवी भाषा हातात घेतली, की तिथे गुरू कशाला म्हणतात हे आधी पाहायचं.

५. गण म्हणजे 'यमाताराजभानसलगं'मधलेच का?

नाही. वृत्तातला गण म्हणजे तीन अक्षरांची खिडकी. ती ओळीवरून तीन-तीन अक्षरं पुढे सरकवत न्यायची आणि खिडकीत लघु-गुरूचा कोणता क्रम दिसतो त्याला नाव द्यायचं. त्या तिघांत कोणी मुख्य नसतो.

आघाताच्या हिशेबातला गण वेगळा. इंग्रजीत ज्याला फूट म्हणतात तो. त्यात बहुतेक वेळा दोनच घटक असतात आणि एक मुख्य असतो. पहिला मुख्य असेल तर त्याला ट्रोकी म्हणतात, दुसरा मुख्य असेल तर आयॅम. या पानावर ज्याचं सर्वांत जास्त काम पडणार आहे तो मात्रांचा ट्रोकी. त्यात नेमक्या दोन मात्रा असतात, म्हणजे एक गुरू, नाहीतर दोन लघु. मात्रावृत्तात दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, त्यातलीच ही देवाणघेवाण. एकटा लघु गण बनवू शकत नाही, तो सुटा राहतो. पुढचं सगळं या सुट्या लघूभोवती फिरतं.

६. सगळ्याच भाषा वजन बघतात का?

नाही. पोलिश शेवटून दुसरं अक्षर धरते, चेक पहिलं. दोघीही अक्षर हलकं की जड हे विचारत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या पिंतुपी भाषेत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम अक्षरांवर आघात पडतो, फक्त शेवटचं अक्षर वगळून. म्हणजे डावीकडून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या, प्रत्येकीत पहिला मुख्य, आणि शेवटी एकटं उरलेलं अक्षर तसंच सोडायचं. अशा भाषांत फक्त अक्षरं मोजावी लागतात. लॅटिन, अरबी, हिंदी आणि बऱ्याच अंशी इंग्रजी यांत तोलावंही लागतं.

७. शेवटचं अक्षर हिशेबात धरायचं नाही असं का?

लॅटिनमध्ये दोन किंवा जास्त अक्षरांच्या शब्दात शेवटच्या अक्षरावर आघात सहसा येतच नाही, मग ते कितीही जड असो. ही गोष्ट नियमात कुठेतरी नोंदवावी लागते. सर्वांत सोपी नोंद अशी: गण पाडण्याआधी शेवटचं अक्षर कंसाबाहेर ठेवा. ते उच्चारात असतं, हिशेबात नसतं.

हे सोयीपुरतं रचलेलं वाटतं खरं. पण चरणाच्या शेवटचा लघु गरजेप्रमाणे गुरू धरतात हे आपल्याला वृत्तांतून ठाऊक आहेच. शब्दाच्या आणि ओळीच्या टोकाला अक्षरं तशीही लांबतात, त्यामुळे तिथलं वजन भरवशाचं नसतं. टोकाला सूट देणाऱ्या भाषा बऱ्याच आहेत. मात्र सूट टोकालाच मिळते. मधलं अक्षर सोईसाठी कंसाबाहेर काढता येत नाही.

८. नवा शब्द समोर आला तर आघात कसा लावायचा? पायऱ्या सांगा.

आधी लॅटिन घेऊ. तिथे नियम स्वच्छ आहे.

पहिलं काम शब्द अक्षरांत तोडण्याचं. मग प्रत्येक अक्षर लघु की गुरू ते लिहा. शेवटचं कंसाबाहेर काढा. उरलेल्यांत उजवीकडून डावीकडे दोन-दोन मात्रांचे गण पाडा. सर्वांत उजवीकडच्या गणाचं पहिलं अक्षर म्हणजे आघाताची जागा.

'अमीकुस' म्हणजे मित्र: अ-मी-कुस. कुस बाहेर. उजवीकडून पहिलं मी, ते दीर्घ, एकट्याच्याच दोन मात्रा, गण पूर्ण. म्हणून अ-ˈमी-कुस. 'मगिस्तेर' म्हणजे शिक्षक: तेर बाहेर, गिस बंद म्हणून गुरू, म-ˈगिस-तेर.

'फकिलिस' म्हणजे सोपा: फ-कि-लिस. लिस बाहेर. कि लघु, एकटं पुरत नाही, डावीकडचं फ सोबत घ्यावं लागतं. (फ-कि) हा गण झाला, त्यात पहिला मुख्य. म्हणून ˈफ-कि-लिस.

आता खरी परीक्षा. 'डेबिलिस' म्हणजे दुर्बळ: डे-बि-लिस. लिस बाहेर. बि लघु, त्याला डावीकडून जोडीदार हवा. पण डे स्वतःच दोन मात्रांचा आहे. डे-बि एकत्र केले तर तीन मात्रा होतात, त्या गणात बसत नाहीत. म्हणून बि सुटा राहतो आणि (डे) एकटाच गण होतो: ˈडे-बि-लिस.

शाळेतल्या लॅटिनमध्ये हेच एका वाक्यात शिकवतात: शेवटून दुसरं जड असेल तर त्यावर, हलकं असेल तर तिसऱ्यावर. मग गणांचा खटाटोप कशाला? कारण ते वाक्य जागा सांगतं, पण शेवटून चौथ्यावर आघात का जात नाही हे सांगत नाही. गणात दोनच घटक बसतात आणि बाहेर एकच अक्षर ठेवता येतं. दोन अधिक एक, तीन. त्यापलीकडे हात पोचत नाही.

इंग्रजी नामांना बहुतांशी हीच रीत चालते. अ-ˈजेन-डा, अ-ˈरो-मा (इंग्रजीतला रो दीर्घ), हो-ˈराय-झन, अ-ˈमे-रि-का. 'अमेरिका'त का बाहेर, रि लघु, त्याच्यासोबत मे, आणि मे मुख्य. 'फोटोग्राफर' आपण चारही अक्षरं समान ताणून म्हणतो. इंग्रजीत फर बाहेर, ग्र लघु, टॉ लघु, (टॉ-ग्र) असा गण, म्हणून फ-ˈटॉ-ग्र-फर. शब्दाचा तोल एकदम मधे आला, की उरलेले स्वर आपोआप विरतात.

अडचण अशी, की इंग्रजी स्पेलिंगवरून स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही. नियम वजनावर चालतो आणि वजन कागदावर लिहिलेलं नसतं. 'horizon'मधला मधला i आय आहे हे ठाऊक नसेल, तर तुम्ही प्रामाणिकपणे नियम लावून ˈहॉ-रि-झन असं चुकीचं उत्तर काढाल. चूक नियमाची नाही, माल चुकीचा होता.

९. मराठी शब्दावर करून दाखवा ना. ठाण्यातलाच घ्या.

घोडबंदर रोडवरचं कासारवडवली घेऊ. इथे मी मराठीचा आघात सांगत नाही, लॅटिनची आणि हिंदीची यंत्रं आपल्या शब्दावर चालवून बघते आहे. सरावाला आपला शब्द बरा, कारण त्याचे स्वर आपल्याला नक्की माहीत असतात.

आधी तोडायचं. इथेच वर्गात दोन तट पडले. काही जण म्हणतात का-सार-वड-व-ली, काही का-सार-व-डव-ली. लिहिताना व, ड, व तिन्ही 'अ'सकट आहेत, बोलताना एक 'अ' गळतो. कोणता, त्यावर मतभेद.

पहिल्या तोडीला लॅटिन नियम लावू. ली बाहेर. उजवीकडून व, लघु. त्याच्या डावीकडे वड, बंद म्हणून गुरू. वड-व मिळून तीन मात्रा होतात, चालत नाही. व सुटा, (वड) गण. आघात वड वर: का-सार-ˈवड-व-ली. हे डेबिलिसचंच प्रकरण झालं.

दुसरी तोड: ली बाहेर, डव बंद, गुरू, गण पूर्ण. आघात डव वर: का-सार-व-ˈडव-ली.

नियम एकच, शब्द एकच, एक 'अ' इकडचा तिकडे गळला आणि आघात एक घर सरकला. वहीत दोन उत्तरं लिहून 'कोणतं बरोबर' असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारते, तुमच्या घरी हे नाव कसं म्हणतात?

आता ट्रान्स-हार्बरची स्टेशनं घ्या. ऐ-ˈरो-ली, र-ˈबा-ळे, घण-ˈसो-ली, को-पर-ˈखैर-णे. सगळीकडे शेवटून दुसरं. हा योगायोग नाही. मराठीत आ, ए, ओ, ऐ नेहमी दीर्घच, आणि आपल्या गावांच्या नावांत ते ठासून भरलेत. लॅटिन नियमाला मागे जायला लघु सापडतच नाही.

१०. हिंदीचा नियम वेगळा आहे असं ऐकलं. तो कोणाचा?

अशोक रा. केळकरांचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेले आपले भाषावैज्ञानिक. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिंदी-उर्दूच्या अभ्यासात हे वर्णन आहे. ब्रूस हेझ यांच्या १९९५ च्या आघातावरच्या ग्रंथात ते आलं आणि जगभरच्या वर्गांत पोचलं. आमच्या वर्गात एक मुलगी ते इंग्रजी पुस्तकातून वाचून आली, आणि हे केळकर मराठी हे कळल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

केळकर वजनाच्या तीन पायऱ्या धरतात. लघु, गुरू, आणि त्यावर अतिगुरू, म्हणजे दीर्घ स्वर आणि वर बंद: सार, पूर, रेज़. नियम सुटसुटीत आहे. शब्दातलं सर्वांत जड अक्षर आघात घेतं. बरोबरी झाली, तर त्या बरोबरीच्यांतलं सर्वांत उजवं, पण शेवटचं अक्षर सोडून.

कारीगरी: का, री, ग, री. गुरू तीन. शेवटची री बरोबरीत बाद, उरलेल्यांत उजवी ती पहिली री: का-ˈरी-ग-री. रेज़गारी: रेज़ एकटं अतिगुरू, चुरसच नाही: ˈरेज़-गा-री. समिति (हिंदीत शेवट ऱ्हस्व): तिन्ही लघु, शेवटचं सोडून उजवं: स-ˈमि-ति. मुसलमान: मान अतिगुरू, शेवटी असूनही जिंकतं: मु-सल-ˈमान. यातून एक बारकावा दिसतो. शेवटचं अक्षर बरोबरीत हरतं, पण इतरांपेक्षा सरळ जड असेल तर हरत नाही. लॅटिनमध्ये ते स्पर्धेतच नसतं.

म्हणून नेरूळवर दोन नियम दोन बाजूंना जातात. लॅटिनप्रमाणे ˈने-रूळ, केळकरांप्रमाणे ने-ˈरूळ, कारण रूळ अतिगुरू. बेलापूरचं तसंच: एकीकडे ला, दुसरीकडे पूर. आणि प्रश्न ९ मधलं कासारवडवली या नियमाने कसंही तोडा, सार अतिगुरू असल्यामुळे उत्तर एकच येतं: का-ˈसार-वडवली. तोडीचा वाद इथे आपोआप मिटतो.

हिंदीचा आघातही दुबळाच असल्याने सगळे अभ्यासक केळकरांशी सहमत नाहीत. हिंदी भाषकांना विचारलं तरी उत्तरं एकसारखी येत नाहीत. परीक्षेत लिहिताना 'केळकरांच्या वर्णनाप्रमाणे' हे शब्द घाला.

११. 'सिनेमा' म्हटलं की साहेब हसतात. आपलं काय चुकतं?

आपलं मराठी चुकत नाही, आपलं इंग्रजी चुकतं. इंग्रजीत मधला स्वर ऱ्हस्व आणि फुसका, (सि-नि) असा गण पडतो: ˈसि-नि-मा. तो शब्द मराठीत आला तेव्हा मधे ए आला, आणि मराठीत ए ऱ्हस्व नसतोच. मधलं अक्षर गुरू झालं, तोल त्याच्यावर गेला. म्हणजे आपण आघात हलवला नाही, वजन बदललं आणि आघात त्याच्यामागे गेला. कॉल सेंटरवाल्या मित्रांना मी सांगते, 'इथे जोर द्या' हा सल्ला सोडा, आघात नसलेली अक्षरं आधी आखूड करा. आखूड केल्यावर जोर आपोआप जागेवर पडतो.

१२. नियम क्रियापदांना लागतच नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. इंग्रजी क्रियापदांत पूर्ण अक्षर नाही, फक्त शेवटचं व्यंजन कंसाबाहेर जातं. 'मेन्टेन': शेवटचा न बाहेर, उरला दीर्घ टे, गुरू, मेन-ˈटेन. 'एडिट': ट बाहेर, डि उघडं आणि लघु, (ए-डि), ˈए-डिट, कारण इंग्रजीतला हा ए ऱ्हस्व. 'डेव्हलप': प बाहेर, ल लघु, (व्हे-ल), डि-ˈव्हे-लप. 'कलेक्ट': ट बाहेर काढला तरी लेक् बंदच राहतो, क-ˈलेक्ट.

नोंद आणि नोंदवणं यांतला फरकही असाच. नामात अख्खं 'कॉर्ड' बाहेर जातं, 'रे' एकटं उरतं, म्हणून ˈरेकॉर्ड. क्रियापदात फक्त ड बाहेर, कॉर जड, रि-ˈकॉर्ड. 'परमिट' मात्र अडवतं. ट बाहेर काढला की मि लघु, नियम आघात पहिल्यावर टाकतो. प्रत्यक्षात क्रियापद पर-ˈमिट असंच आहे. लॅटिन उपसर्ग लागलेल्या अशा क्रियापदांत आघात मूळ धातूवर चिकटून राहतो. हा अपवादांचा गट आहे, आणि तो पाठच करावा लागतो.

१३. बाकीचे अपवाद कसे ओळखायचे?

तीन ठिकाणी सावध राहा. पहिलं, प्रत्यय. '-मेंट' आणि '-नेस' आघात हलवत नाहीत, म्हणून 'डेव्हलपमेंट'मध्ये आधी '-मेंट' काढा, मग प्रश्न १२ प्रमाणे क्रियापद सोडवा. '-इक' लागला की आघात त्याच्या लगेच आधी येतो: इ-ˈकॉ-न-मी, पण ई-क-ˈनॉ-मिक. '-ई' आणि '-एट' असे फ्रेंच वळणाचे शेवट स्वतःवरच आघात ओढतात: एम्प्लॉयी, सिगरेट. 'हॉटेल'ही फ्रेंचमधून आलेलं, इंग्रजीत हो-ˈटेल.

दुसरं, स्पेलिंगमधलं जोडव्यंजन. व्हॅनिला, स्पगेटी, अम्ब्रेला यांत शेवटून दुसरा स्वर ऱ्हस्व आणि अक्षर उघडं, तरी आघात तिथेच आहे. स्पेलिंग बघा: vanilla, spaghetti, umbrella. दुहेरी ll, tt दिसलं की ते अक्षर बंद समजा, उत्तर बहुधा बरोबर येतं. उच्चारात ते व्यंजन एकच असतं, त्यामुळे ही युक्ती वाचताना उपयोगी, ऐकताना नाही.

तिसरं, 'कॅलेंडर' आणि 'सिलिंडर'. मधलं अक्षर बंद, जड, तरी आघात पहिल्यावर. 'सिलिंडर'पुरतं एक स्पष्टीकरण देतात, की नियम चालतो तेव्हा शेवटचा र अजून अक्षर झालेला नसतो. मग 'लिंडर' हेच शेवटचं ठरतं आणि बाहेर जातं. मला ते पटतं, पण 'कॅलेंडर'ला ते तितकंसं बसत नाही. आपण दोन्ही शब्द रोज वापरतो, पाठ असू द्या.

१४. गण खरंच असतात की कागदावरची सोय आहे?

आघाताशिवायही ते सापडतात, हा सर्वांत चांगला पुरावा. जपानीत इंग्रजीसारखा आघात नाही. तरी लांब उसने शब्द तोडताना ते दोन-दोन मात्रांचे तुकडे ठेवतात. रिमोट कंट्रोलचं 'रिमो-कोन', पर्सनल कॉम्प्युटरचं 'पासो-कोन'. तिथे शेवटचा न् स्वतःची एक मात्रा धरतो, म्हणून कोन दोन मात्रांचा. तोडणाऱ्याला गण शिकवलेला नसतो, पण कात्री गणाच्या कडेलाच चालते.

१५. आयॅमवाल्या भाषा कुठे आहेत? आणि त्यांत स्वर लांबतात ते का?

अमेरिका खंडात बऱ्याच. ब्राझीलमधली हिश्कर्याना, अमेरिकेतल्या चोक्टॉ आणि चिकसॉ. डावीकडून जोड्या, प्रत्येकीत दुसरं अक्षर मुख्य, आणि ते उघडं असेल तर त्याचा स्वर लांबवला जातो. लघु-लघु अशी जोडी लघु-गुरू होऊन जाते. ट्रोकीच्या भाषांत अशी लांबण क्वचित. तिथे जोडी समसमान राहिलेली बरी.

यामागचं कारण स्टीलच्या वाटीवर तपासून पाहा. चमच्याने सारख्या अंतराने टोले द्या, एक जोरात, एक हळू. बहुतेकांना जोराचा आधी अशी जोडी ऐकू येते: ठण-टिक, ठण-टिक. आता जोर सारखा ठेवा. एक टोला घुमू द्या, पुढचा बोटाने लगेच दाबा. आता जोडी उलटते आणि लांबलेला शेवटी ऐकू येतो: टिक-ठणऽऽ. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग १८९४ आणि १९०९ मध्ये केले, आणि हेझ यांनी ते गणांच्या सिद्धान्ताला जोडले. फरक जोराचा असेल तर ट्रोकी, लांबीचा असेल तर आयॅम. जपानी ऐकणाऱ्यांवर केलेल्या पुढच्या प्रयोगांत लांबीच्या बाबतीत हे इतकं ठाम निघालं नाही. म्हणजे कान काही अंशी घरच्या भाषेने घडतो. मराठी कानाचं काय? आमच्या वर्गात अकरा जणांनी वाटी वाजवली. जोराच्या वेळी सगळ्यांचं एकमत झालं. लांबीच्या वेळी चौघांना बाकीच्यांच्या उलट जोडी ऐकू आली, आणि मग वाटी बदलून पाहू म्हणून डबे उघडले गेले.